चिडलेल्या गिऱ्हाइकाला लेखी उत्तर कसं द्यायचं: सांगलीतल्या पाव किलो हळदीची गोष्ट

नवीन नवीन गल्ल्यावर बसायला लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी स्वतः दुकानदार नाही, गणपती पेठेतल्या आणि मार्केट यार्डातल्या पाच-सहा दुकानांचे हिशेब लिहितो, त्यामुळं भांडणं बघायला भरपूर मिळतात. समोरासमोरचं भांडण आपल्याकडं कुणीही मिटवतं, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला, काकू-मावशी केलं की निम्मा राग तिथंच उतरतो. लेखी तक्रार आली की मात्र भल्याभल्यांचा घोळ होतो, कारण तिथं चहा पाजता येत नाही आणि लिहिलेलं शब्द न शब्द समोरच्याकडं राहतं.

माझ्या आतेभावाचं हळद-मसाल्याचं दुकान आहे. आत्याच्या मिस्टरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चोवीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात दुकान पडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पायऱ्या त्यातूनच सांगतो, कारण नुसत्या पायऱ्या वाचून कुणाला काय कळत नाही.

झालं असं की एप्रिल महिना, वर्षाची चटणी-हळद करून ठेवायचे दिवस. कराडच्या एक काकू गणपतीचं दर्शन घेऊन दुकानात आल्या, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय हे त्यांना पाठ, त्यामुळं अपेक्षा पण तेवढीच मोठी. राजापुरी हळकुंड हातानं मोडून, आतला रंग बघून ५ किलो घेतलं, २२० रुपये किलोनं, आणि दळून पाठवा म्हणाल्या, दळणाचे किलोला ३० वेगळे. सगळे मिळून १२५० रुपये देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या टेंपोतून पूड कराडला गेली. चार दिवसांनी रात्री पावणेदहाला मेसेज आला:

"तुमच्यावर विश्वास ठेवून ५ किलो हळद घेतली. घरी वजन केलं तर पावणेपाच भरली. पाव किलो मारली. पांढऱ्या पंच्यावर सांडली म्हणून साबण लावला तर लालभडक झाला, म्हणजे रंग घातलाय हे उघड आहे. दुकानात फोन केला तर पोरगा म्हणतो आमच्याकडं कधी तक्रार येत नाही. आमच्या भिशीत २२ बायका आहेत, सगळ्यांना सांगणार. ग्राहक मंचात पण जाणार. लाज वाटली पाहिजे."

आतेभाऊ जेवणाच्या ताटावर होता. उजव्या हाताला आमटी लागलेली आणि डाव्या हातानं त्यानं टाइप केलं:

"काकू तुमचा गैरसमज झालाय. दळणात घट येतेच, सगळ्यांना माहीत असतं. आणि हळद साबणानं लाल होणारच, ते सायन्स आहे. आमचं दुकान जुनं आहे, आम्ही भेसळ करत नाही. खुशाल जावा मंचात."

पाठवायच्या आधी मला फोन करून वाचून दाखवलं. आता गंमत बघा, ह्यात खोटं एक अक्षर नाही. घट येतेच, हळद साबणानं लाल होतेच, दुकान जुनं आहेच. तरी हे पाठवलं असतं तर काकू दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहक आयोगाच्या पायरीवर दिसल्या असत्या असं माझं मत.

पहिली पायरी: पोच द्या, उत्तर नाही. रागात आलेल्या मेसेजला रात्री दहा वाजता पूर्ण उत्तर द्यायचं नाही, पण निळ्या टिका दिसूनही गप्प बसलात तर समोरच्याला वाटतं बघा, आता लपून बसला. म्हणून मी त्याला एवढंच पाठवायला लावलं: "काकू मेसेज वाचला. वजन आणि रंग दोन्ही उद्या तपासतो आणि उद्या संध्याकाळी ५ पर्यंत लिहून कळवतो." ह्यात माफी नाही आणि बचाव पण नाही, फक्त काय तपासणार आणि कधी सांगणार एवढंच आहे. वेळ अशी द्या जी तुम्हाला नक्की पाळता येईल, लवकरात लवकर कळवतो असलं मोघम लिहू नका, कारण आपल्याकडं लवकरात लवकर म्हणजे कधीच नाही हे शेंबड्या पोराला पण माहीत आहे.

दुसरी पायरी: मेसेज कागदावर उतरवून घ्या आणि फोडा. मोबाईलवर वाचताना डोळे सारखे "लाज वाटली पाहिजे" वर जातात, आणि माणूस त्यालाच उत्तर द्यायला लागतो. कागदावर काढलं की दिसतं, ह्यात तपासता येण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत. पाव किलो कमी, पंचा लाल, फोनवरचं बोलणं. भिशी, मंच आणि लाज हा राग आहे, त्याला उत्तर द्यायचं नसतं. आणखी एक बघायचं, गिऱ्हाइकानं मागितलंय काय? काकूंनी काहीच मागितलेलं नाही, ना पैसे परत, ना बदलून. असं असलं की समजायचं, ह्या माणसाला आपण फसवलो गेलो हे कुणीतरी कबूल करायला पाहिजे आहे, रुपयाचा प्रश्न मागाहून येतो.

तिसरी पायरी: लिहायच्या आधी तपासा, आणि स्वतःच्या विरोधात तपासा. ह्यात त्याची अर्धी सकाळ गेली आणि तीच सगळ्यात कामाची.

आधी काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याला वजनमाप खात्याचं वर्षाचं पडताळणीचं सर्टिफिकेट लागतं, ते होतं, तारीख चालू होती, तरी त्यानं एक किलोचं शिक्क्याचं माप ठेवून बघितलं. बरोबर निघालं. मग गिरणीत गेला. गिरणीवाला म्हणाला, ५ किलोला पाव किलो घट आलीय, त्यात विशेष काय. दळताना यंत्र तापतं, हळकुंडातली ओल उडते, धूळ बाहेर जाते, थोडी पूड यंत्रात चिकटून राहते. बाजारातल्या माणसाला हे श्वासासारखं माहीत असतं आणि तिथंच खरी चूक लपलेली होती. हे काकूंना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बिलावर ५ किलो, हातात पावणेपाच. त्यांच्या जागी मी असतो तर मी पण चोरीच म्हणालो असतो.

मग रंग. गिरणीवाल्याला त्यानं विचारलं, ह्यांच्या आधी यंत्रात काय दळलं होतं? कारण आधी मिरची गेली असेल तर तिचा अंश हळदीत येतो आणि मग "आम्ही दुसरं काही घातलं नाही" हे वाक्य लिहिताना पंचाईत. हळदीचं यंत्र वेगळंच होतं आणि आधीचं दळण पण हळदच होती. त्याच पोत्यातलं उरलेलं हळकुंड दुकानात होतं, ते कुटून त्यानं चमचाभर पूड पाण्याच्या ग्लासात हळूच सोडली. चांगली हळद तळाला बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं होतं, रंग मारलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पाणी फिकट राहिलं. ही चाचणी घरगुती आहे, लॅबची जागा घेत नाही, पण स्वतःच्या मनातली शंका फिटायला पुरते.

शेवटी फोन. दुकानातल्या पोराला विचारलं, तू असं म्हणालास का? पोरगा म्हणाला, हो म्हणालो, खरंच येत नाही की. म्हणजे तो पण खरंच बोलला होता बिचारा.

म्हणजे हिशेब असा निघाला की तीनपैकी दोन गोष्टींत काकू बरोबर, एकात चूक. बहुतेक तक्रारी अशाच मिश्र असतात, आणि आपली खोड अशी की गिऱ्हाईक जिथं चुकलंय तिथूनच उत्तर सुरू करायचं.

चौथी पायरी: लिहिणं. तीन वाजता बसला, पावणेपाचला पाठवलं. नाव आणि नंबर सोडून जसंच्या तसं देतो:

"नमस्कार काकू,

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी आज तपासल्या, एकेक सांगतो.

वजन. तुमचं वजन बरोबर आहे. हळकुंड ५ किलो होतं, दळून पूड पावणेपाच किलो झाली. दळताना ओल जाते, धूळ उडते, थोडी पूड यंत्रात राहते, त्याला आम्ही घट म्हणतो. ही घट येणार हे हळकुंड घेतानाच तुम्हाला सांगायला पाहिजे होतं आणि पूड पाठवताना तिचं वजन लिहून द्यायला पाहिजे होतं. दोन्ही मी केलं नाही. चूक माझी आहे.

फोन. तुम्हाला मिळालेलं उत्तर तुम्ही लिहिलंय तसंच होतं, मी विचारून खात्री केली. तक्रार ऐकून घेऊन फोन माझ्याकडं द्यायला हवा होता. त्याबद्दल माफी मागतो.

रंग. पंचा लाल झालेला बघून कुणालाही शंका येईल. आम्ही तुम्ही निवडलेलं हळकुंडच दळलंय, त्यात दुसरं काही घातलेलं नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या देवघरातलं एखादं हळकुंड घ्या, आमच्याकडचं नको, सहाणेवर उगाळा, फडक्यावर लावा आणि साबणाचं पाणी टाका. ते पण लाल होईल. मग त्याच डागावर लिंबू पिळा, परत पिवळं होईल. मुका मार लागल्यावर आपण हळद-चुना लावतो तो लाल दिसतो, तसंच हे आहे. ह्यावरून आमची हळद चांगली आहे असं सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, फक्त लाल झाली म्हणून भेसळ धरता येत नाही एवढंच. तरी शंका राहिली तर तुमच्या पिशवीतली हळद तुम्ही निवडाल त्या मान्यताप्राप्त लॅबला द्या, फी मी भरतो, रिपोर्ट थेट तुमच्याकडं येऊ दे.

आता काय करायचं ते तुम्ही सांगा. पाव किलो हळद उद्याच्या टेंपोनं पाठवू का, की सगळी हळद परत पाठवता? परत पाठवली तर १२५० रुपये पूर्ण देतो, पिशवी फोडलेली असली तरी चालेल, टेंपोचं भाडं माझ्याकडं.

पंचा ओला करून कडक उन्हात दोन-तीन दिवस घाला. हळदीचा डाग उन्हानं उडतो."

आता ह्यातलं काय कशासाठी ते सांगतो.

आपली चूक पहिली आली, आणि तिच्या शेपटाला "पण" नाही. "चूक माझी आहे पण घट तर सगळीकडंच येते" असं लिहिलं असतं तर पहिली चार अक्षरं पुसली गेली असती. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफी" हे त्याच्याहून वाईट, त्यात वाईट वाटून घेतल्याचा दोष गिऱ्हाइकावरच येतो. माफी नेमक्या गोष्टीची मागायची. बघा, त्यानं घटीची माफी मागितली नाही, घट हा हळदीचा गुण आहे, त्यानं न सांगितल्याची जबाबदारी घेतली. आणि रंगाची तर माफी नाहीच, कारण ती मागितली की भेसळ कबूल केल्यासारखं होतं.

हे कबुलीचं प्रकरण नीट समजून घ्या. लोक अजून मंच म्हणतात, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याचा जिल्हा ग्राहक आयोग झालाय, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी सुद्धा लागत नाही. म्हणजे बाराशे रुपयाच्या हळदीसाठी कोण जातंय असं समजू नका. तुमचा मेसेज तिथं जसाच्या तसा पुढं येऊ शकतो. त्यामुळं तपासलेलं तेवढंच लिहायचं, न तपासलेलं कबूल पण करायचं नाही आणि नाकारायचं पण नाही.

रंगाचा परिच्छेद सगळ्यात अवघड, त्याला चार वेळा खोडाखोड झाली. गिऱ्हाईक चुकतंय हे सांगायचं कसं? पहिल्या खर्ड्यात करक्युमिन, अल्कली, सगळं आलं होतं, बारावीला सायन्स होतं ना. गोष्ट खरी आहे, हळदीतलं करक्युमिन अल्कलीत लालसर होतं आणि आंबटात परत पिवळं, साबणात अल्कली आणि लिंबू आंबट. पण चिडलेल्या माणसाला शाळा शिकवली की तो अजून चिडतो. म्हणून "तुम्ही चुकताय" ऐवजी "तुम्हीच करून बघा" झालं. आणि बघायचं ते पण आमच्याकडचं हळकुंड नको, तुमच्या घरातलं. हे शब्द फार मोलाचे आहेत, कारण ज्याच्यावर संशय आहे त्याचाच माल घेऊन केलेल्या चाचणीवर विश्वास कोण ठेवणार?

चाचणीची मर्यादा पण त्यानं स्वतःच लिहिली. भेसळीच्या हळदीत पण थोडी खरी हळद असतेच, ती साबणानं लाल होणारच, म्हणजे लाल होण्यानं ना चोर ठरतो ना साव. हे लिहू नको, उगाच आपल्या पायावर धोंडा, असं मी म्हणालो होतो. त्यानं ऐकलं नाही. नंतर काकूंनीच सांगितलं, ते वाक्य वाचून मी थांबले, म्हणाल्या, फसवणारा माणूस असं लिहीत नाही.

भरपाईचं गणित सोपं ठेवा. पाव किलो पूड म्हणजे दळणासकट त्याला साडेबासष्ट रुपये. कुणी म्हणेल किलोभर फुकट पाठवायची, वर एक मसाल्याचं पाकीट. नाही. गेलं तेवढंच द्यायचं, जास्त दिलं की तोंड बंद करायला देतोय असं वाटतं. त्याऐवजी निवड त्यांच्या हातात दिली आणि त्यात एक निवड दुकानाला महाग पडणारी होती. ती मनापासून द्यायची असेल तरच लिहा, नाहीतर समोरच्यानं तीच घेतली की तुमचं तोंड उतरेल.

डागाची ओळ त्यानं शेवटी स्वतःच्या डोक्यानं घातली. तक्रारीच्या खाली खरं तर एक खराब झालेला पंचा होता, आणि आमच्या सगळ्या चर्चेत त्या पंच्याचा विचार फक्त त्यानंच केला.

खाली कुठं "आपला विश्वासू", "ग्राहक हेच आमचं दैवत" असलं काही नाही ते पण बघून ठेवा. दुकानाच्या भिंतीवर ते ठीक आहे.

ही पद्धत कुठं चालवायची नाही. खाऊन कुणी आजारी पडलंय अशी तक्रार आली तर आधी त्या लॉटची विक्री थांबवा, माल बाजूला काढा, आणि पाच वाजेपर्यंत कळवतो वगैरे न करता लगेच फोन करा, पत्र मागाहून. वकिलाची नोटीस आली तर स्वतःच्या हातानं उत्तर लिहायला बसू नका, तुमच्या वकिलाकडं जा. आणि काही माणसं दर महिन्याला नवी तक्रार घेऊन येतात, त्यांना बिल, वजन आणि दोन ओळी पुरे, इतकी खोडाखोड त्यांच्यासाठी नको.

पाचवी पायरी: पाठवल्यावर गप्प बसा. ही सगळ्यात जास्त मोडली जाते. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही, की लगेच "काकू वाचलं का?" दोन दिवस काहीच आलं नाही, आतेभाऊ दर दहा मिनिटाला मोबाईल बघायचा, मी त्याला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी आलं: "लिंबू पिळलं. पिवळं झालं. पाव किलो पाठवा. बाकीचं बघू."

पाव किलो गेली, पिशवीवर वजन लिहून आणि सोबत नवीन बिल, ज्यावर हळकुंड ५ किलो, पूड ४.७५० किलो, भरपाई २५० ग्रॅम असं तिन्ही लिहिलेलं. त्याच आठवड्यात दुकानात रबरी शिक्का आला, "दळणात किलोमागे साधारण ४०-५० ग्रॅम घट येते", दळणाच्या प्रत्येक बिलावर पैसे घ्यायच्या आधी मारायचा. प्रत्येक पोत्यातली मूठभर हळकुंडं पोत्याची तारीख लिहून डब्यात ठेवायची सवय पण तेव्हाच लागली, ह्या वेळी पोतं संपलेलं नव्हतं हे नशीब. आणि फोनवर काय बोलायचं ते पोराला शिकवलं: नाव विचार, बिल नंबर विचार, मालक फोन करतील म्हण, बास.

पुढच्या एप्रिलला काकू परत आल्या, पण अशा नाही की सगळं विसरून. पिशवीतून स्वतःचा ताणकाटा काढला, हळकुंड दुकानाच्या काट्यावर आणि आपल्या काट्यावर दोन्हीकडं तोललं, गिरणीत स्वतः उभ्या राहिल्या, पदर नाकाला लावून, आणि पूड परत तोलली. ५ किलोची ४ किलो ७८० भरली. "गेल्या वर्षीपेक्षा कमी गेली की," म्हणाल्या, आणि पैसे दिले. त्याच्या पुढच्या वर्षी दोन बायका सोबत. ताणकाटा मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही.

आता भिशीतल्या नऊ जणींची मिळून ३८ किलोची ऑर्डर एकत्र येते, यादी काकूच करतात, कुणाचं किती, कुणाला जाडसर, कुणाला बारीक. मागच्या वर्षी त्यातल्याच एकीनं पांढऱ्या साडीवर साबण लावला, लाल झालं, आणि दुकानाला फोन करायला निघाली. दुकानापर्यंत तो फोन पोचलाच नाही. काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन हातात लिंबू दिलं म्हणे.